पापणीची कड सुटते तेव्हा

तात्यांच्या खांद्यावर पंचा होता आणि त्याचं एक टोक कायम उजव्या हातात. दर दोन-चार मिनिटांनी ते टोक उजव्या डोळ्याखाली जायचं, गालाच्या दिशेने खाली ओढत डोळा पुसायचं आणि पुन्हा खांद्याशी यायचं. वय 78. सारा जन्म ऊस आणि हळदीच्या शेतात गेलेला. खुर्चीत टेकता टेकताच ते म्हणाले, "डॉक्टर, मी रडत नाही हो. पण एसटीत शेजारचा माणूस विचारतो, घरात काही बरंवाईट झालं का म्हणून."

सूनबाईंनी हातातली पिशवी टेबलावर रिकामी केली. डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या सात बाटल्या. त्यांतल्या दोन तर एकाच औषधाच्या, फक्त नावं वेगळी. दोन वर्षं उजवा डोळा लाल होता, पाणी गळत होतं, सकाळी चिपडं येऊन पापण्या चिकटत होत्या. कुणी 'डोळे आले' म्हणालं, कुणी 'ॲलर्जी', कुणी 'पाण्याची नळी बंद झाली'. मोतीबिंदूच्या शिबिरात तपासलं तर डोळा लाल दिसला, म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलली. मग तालुक्याच्या औषधाच्या दुकानातून एक बाटली आली. तिने लाली दोन दिवसांत कमी व्हायची, आणि थेंब थांबवले की आठवड्यात परत यायची.

खरं कारण खुर्चीच्या समोरून, साध्या उजेडात, कोणतंही यंत्र न लावता दिसत होतं. तात्यांची उजवी खालची पापणी डोळ्याला टेकलेली नव्हती. तिची कड बाहेरच्या बाजूला कलली होती आणि एरवी आत झाकलेला ओलसर पडदा कडेच्या वर लाल पट्ट्यासारखा उघडा पडला होता. या अवस्थेला वैद्यकात एक्ट्रोपियन म्हणतात. त्याचे प्रकार अनेक आहेत, पण म्हातारपणी बहुतेकांना होतो तो पापणी ढिली पडल्याने होणारा. त्याबद्दलच इथे लिहायचं आहे. कारण तो थेंबांनी बरा होत नाही, आणि तरीही माणसं वर्षानुवर्षं थेंबच घालत राहतात.

खालची पापणी कशी बांधलेली असते ते आधी समजून घेऊ. अंगणात दोन खिळ्यांना कपडे वाळत घालायची दोरी बांधतात, तशीच ही रचना आहे. पापणीच्या कडेत चार-पाच मिलिमीटर उंचीची एक चिवट पट्टी असते, तिला टार्सस म्हणतात. पापणीला आकार आणि ताठपणा देते ती ही पट्टी. तिचं एक टोक नाकाच्या बाजूच्या हाडाला आणि दुसरं डोळ्याच्या खोबणीच्या बाहेरच्या हाडाला चिवट तंतूंच्या दोरांनी बांधलेलं असतं. पट्टीच्या पुढे डोळा मिटवणारा वर्तुळाकार स्नायू असतो. खालून एक पातळ पडदा तिला धरून असतो. तो कडेला आत आणि खाली ओढून ठेवतो, म्हणून खाली पाहताना पापणीही खाली जाते.

वय वाढतं तसे मुख्यतः टोकांचे दोर लांबतात, विशेषतः बाहेरच्या कोपऱ्यातला. पट्टीतला ताठपणाही थोडा कमी होतो. खालून धरणारा पडदा काहींच्या बाबतीत पट्टीपासून सुटतो. आता ढिली दोरी मधोमध झोळ देते, तशी पापणी झोळ देते. गालाचं वजन तिला रोज खाली ओढत असतंच. एक दिवस कड डोळ्यापासून सुटते आणि बाहेर वळते.

पण नुसती कड वळली म्हणून एवढं पाणी का यावं, हा तात्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. अश्रू डोळ्याच्या वरच्या-बाहेरच्या बाजूच्या ग्रंथीत तयार होतात, डोळ्यावर पसरतात आणि नाकाच्या बाजूला जमतात. तिथे वरच्या आणि खालच्या पापणीच्या कडेवर प्रत्येकी एक बारीक भोक असतं, सुईच्या टोकाएवढं. हे अश्रुछिद्र. त्यातून पाणी आठ-दहा मिलिमीटरच्या नाजूक नळीने अश्रूंच्या पिशवीत आणि तिथून नाकात उतरतं. आपण रडलो की नाक गळतं ते यामुळेच. निरोगी माणसाचं खालचं छिद्र आरशात सहज दिसत नाही, कारण ते आत, डोळ्याकडे तोंड करून पाण्यात बुडालेलं असतं. पापणी बोटाने किंचित खाली ओढली तरच ते दिसतं. तात्यांचं छिद्र मात्र समोरून दिसत होतं, आणि त्याचं तोंड छताकडे होतं.

शेतात पाटाचं पाणी वाफ्यात जायला तोंड पाटाला लागूनच असावं लागतं. तोंड वर उचललं गेलं तर पाट भरून वाहील, वाफा मात्र कोरडा राहील. डोळ्याचंही तसंच होतं. त्यात दुसरी गोष्ट अशी की पाणी आत जातं ते केवळ उताराने नव्हे. आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो, आणि दर वेळी तो वर्तुळाकार स्नायू आवळून-सुटून पाणी नळीत खेचतो. पापणी ढिली झाली की हा पंपही ढिला पडतो. तिसरी गोष्ट, उघडा पडलेला डोळा वारा आणि धुळीने कोरडा होतो, चुरचुरतो, आणि त्याला उत्तर म्हणून ग्रंथी आणखी पाणी सोडते. पाणी जास्त आणि जायला वाट नाही, अशी दुहेरी अडचण होते. म्हणूनच ही माणसं एकाच दमात सांगतात, 'डोळा कोरडा वाटतो' आणि 'पाणी थांबत नाही'. ऐकणाऱ्याला ते परस्परविरोधी वाटतं, पण दोन्ही खरं असतं.

लालीचं कारणही याच वळणात आहे. आतला पडदा ओलाव्यात राहायला बनलेला आहे. उघडा पडला की तो सुजतो, जाड होतो, आणि बरेच महिने तसाच राहिला तर त्याचा पृष्ठभाग कातडीसारखा खरबरीत होऊ लागतो. सुजलेला जाड पडदा पापणीला आणखी बाहेर ढकलतो. न वापरलं गेलेलं अश्रुछिद्र हळूहळू आकसतं. सतत ओली राहणारी गालाची कातडी चरचरते, फाटते, मग आवळते आणि पापणीला खाली ओढते. आणि या सगळ्यात भर घालतो तो पंचा. माणूस दिवसातून शंभरदा डोळा खालच्या दिशेने पुसतो, म्हणजे आधीच ढिल्या दोरीला शंभरदा झटका देतो.

तात्यांना मी पहिल्याच भेटीत पुसण्याची रीत बदलायला सांगितली. स्वच्छ, मऊ रुमालाची घडी घ्यायची, गालावरून वर आणि बाहेरून नाकाकडे हलकेच टिपायचं. कधीही खाली ओढायचं नाही. सूनबाईंनी लगेच करून दाखवलं. तात्यांना मात्र सवय मोडायला तीन आठवडे लागले.

ढिलेपणा मोजायच्या दोन चाचण्या इतक्या सोप्या आहेत की त्या केल्या गेल्या नाहीत याचं मला दर वेळी वाईट वाटतं. पहिल्या चाचणीत पापणी चिमटीत धरून डोळ्यापासून पुढे ओढायची. निरोगी पापणी काही मिलिमीटरच सुटते. सहा ते आठ मिलिमीटरपेक्षा जास्त आली तर ती ढिली. तात्यांची उजवी पापणी अकरा मिलिमीटर पुढे आली, डावी सहा. दुसरीत पापणी खाली ओढून सोडायची आणि पापणी न मिटता ती आपोआप जागेवर जाते का पाहायचं. चांगली पापणी चटकन टपकन डोळ्याला चिकटते. तात्यांची तशीच लोंबत राहिली आणि दोनदा डोळा मिटल्यावर कशीबशी वर गेली.

मग पापणी बाहेरच्या बाजूला ओढून पाहिलं, की नाकाकडचं छिद्र किती सरकतं. एक-दोन मिलिमीटर सरकणं ठीक. फार सरकलं तर नाकाकडचा दोरही लांबलेला असतो, आणि मग काम अवघड होतं, कारण त्याच जागेतून अश्रूंची नळी जाते. तात्यांचा तो दोर बऱ्यापैकी शाबूत होता. डोळ्याचा बाहेरचा कोपरा मात्र टोकदार राहिला नव्हता, गोलसर झाला होता. झिजलेली जागा कोणती ते त्यावरून कळलं.

शेवटी मी त्यांना तोंड मोठं उघडून वर बघायला सांगितलं. त्याने गालाची कातडी ताणली जाते. कातडी कमी पडत असेल तर तेव्हा पापणी आणखी खाली खेचली जाते. ही चाचणी शेतकऱ्यांत आणि कोळी बांधवांत महत्त्वाची असते. आयुष्यभर उन्हात राबलेल्या कातडीला आखडण्याची सवय लागते. भाजल्याचे किंवा जखमेचे वण, काचबिंदूच्या काही थेंबांनी आलेला गजकर्णासारखा चट्टा, यांनीही कातडी आवळते. अशा वेळी नुसती पापणी घट्ट करून उपयोग नसतो. वरच्या पापणीची, कानामागची किंवा दंडाच्या आतली कातडी आणून तिथे बसवावी लागते. तात्यांना त्याची गरज नव्हती.

इतर कारणंही चाळून पाहावी लागतात. चेहऱ्याची नस दुखावली की डोळा मिटणारा स्नायूच लुळा पडतो आणि पापणी लोंबते. कुष्ठरोगात असं होतं, अर्धा चेहरा वाकडा होतो त्या आजारातही होतं. तिथे मोठा धोका उघड्या राहणाऱ्या पारपटलाचा असतो. पारपटल म्हणजे बुबुळावरची काचेसारखी पारदर्शक कमान. म्हणून तात्यांना डोळे घट्ट मिटायला सांगितलं. ते पूर्ण मिटत होते. एका बाबतीत मात्र हयगय करता कामा नये. एकाच डोळ्याची पापणी बाहेर वळली असेल, कडेवर गाठ किंवा न भरणारी जखम असेल, तिथल्या केसांची ओळ तुटलेली असेल, तर तो पापणीचा कर्करोग असू शकतो. पापणीतल्या तेलग्रंथींचा कर्करोग आपल्याकडे पाश्चात्त्य देशांच्या मानाने जास्त दिसतो, आणि तो महिनोन्‌महिने साध्या लालीच्या वेषात राहतो. तात्यांच्या पापणीचे केस शेवटपर्यंत शाबूत होते, कड गुळगुळीत होती.

राहिला 'नळी बंद आहे' हा निष्कर्ष. तो तपासायचा तर छिद्रातून बोथट सुईने खाऱ्या पाण्याचा हलका झोत सोडतात. तात्यांचं छिद्र इतकं आकसलं होतं की आधी ते बारीक सळईने रुंद करावं लागलं. पाणी सोडलं, आणि तात्या घोट गिळत म्हणाले, "घशात मिठासारखं लागलं." म्हणजे नळी मोकळी होती. नळी खरोखर बंद असती तर तिच्यासाठी वेगळी शस्त्रक्रिया करावी लागली असती, आणि नुसती पापणी दुरुस्त करून पाणी थांबलं नसतं. उलट, नळी मोकळी असताना नळीचीच शस्त्रक्रिया केली आणि पापणी लोंबतीच राहिली, तर रुग्णाचे पैसे आणि धीर दोन्ही वाया जातात.

त्या सात बाटल्यांपैकी एकीत स्टिरॉइड होतं. डोळ्याचा दाब मोजला. उजवीकडे 27, डावीकडे 16. साधारण 21च्या आतला दाब सामान्य धरला जातो. लाली घालवणारी ती बाटली आतून डोळ्याचा दाब वाढवत होती. असा दाब बराच काळ राहिला तर डोळ्याची नस मरते आणि गेलेली नजर परत येत नाही. ती बाटली थांबवली, महिन्याने दाब 17वर आला. तात्या वेळेत आले. असे सगळेच येत नाहीत. डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय, पूर्वीच्या चिठ्ठीवर, शेजाऱ्याच्या सांगण्यावर स्टिरॉइडचे थेंब घालू नयेत, हे मी प्रत्येक घरात जाऊन सांगायला तयार आहे.

पापणी थोडीच सुटली असेल, त्रास कमी असेल, किंवा प्रकृतीमुळे शस्त्रक्रिया शक्य नसेल, तर ओलावा देणारे साधे थेंब दिवसा, जाडसर मलम रात्री, आणि झोपताना पापणी बाहेरच्या वरच्या दिशेला ताणून लावलेली कागदी चिकटपट्टी, एवढ्यावर डोळा सांभाळता येतो. पण हा सांभाळ झाला, दुरुस्ती नव्हे. लांबलेला दोर औषधाने आखूड होत नाही.

दुरुस्तीची कल्पना दोरीवरूनच समजते. झोळ आलेली दोरी मधोमध कापून जोडता येते. पूर्वी पापणीच्या मधल्या भागाचा त्रिकोणी तुकडा काढून ती लहान करायचेच, आजही काही रुग्णांत करतात. पण मधोमध कापलेल्या कडेवर कधी खाच राहते, आणि मुळात झिजलेली जागा मध्यात नसून टोकाला असते. 1979मध्ये अमेरिकेतल्या अँडरसन आणि गॉर्डी या डॉक्टरांनी वेगळी पद्धत मांडली. बाहेरच्या खिळ्यापाशी दोरी सोडवायची, तिच्याच टोकाची नवी गाठ तयार करायची आणि ताणून पुन्हा खिळ्याला बांधायची. टार्ससच्या टोकाची पट्टी वापरतात म्हणून तिला लॅटरल टार्सल स्ट्रिप हे नाव पडलं. जगभर आज ही सर्वांत रुळलेली पद्धत आहे.

तात्यांची सहा वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, रोज ॲस्पिरिन चालू. गोळी थांबवायची की नाही हे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारलं. त्यांनी थांबवू नका सांगितलं. मग थोडं जास्त रक्त येईल, सूज आणि काळनिळं जास्त दिसेल, हे तात्यांना आधीच सांगून ठेवलं. रक्त पातळ करणारी गोळी शस्त्रक्रियेच्या भीतीने घरच्या घरी बंद करणं, पापणीपेक्षा फार मोठ्या संकटाला बोलावणं आहे.

शस्त्रक्रियेला पूर्ण भूल लागत नाही. पापणीत आणि बाहेरच्या कोपऱ्यात भुलीचं इंजेक्शन देतात. ते टोचताना दहा-पंधरा सेकंद चांगलंच झोंबतं. त्यात रक्तवाहिन्या आकुंचित करणारं औषध मिसळलेलं असतं, म्हणून मी दहा मिनिटं नुसती थांबते. घाई केली तर पुढे रक्त पुसण्यातच वेळ जातो.

तात्यांचं छिद्र बाहेर वळलेलं होतं, म्हणून आधी नाकाकडची बाजू घेतली. पापणी उलटवून छिद्राच्या साधारण चार मिलिमीटर खाली, आतल्या पडद्यातून शंकरपाळ्याच्या आकाराचा छोटा तुकडा काढला. सहा-सात मिलिमीटर लांब आणि तीन-चार उंच. ही जागा विरघळणाऱ्या दोऱ्याने अशी शिवायची की खालचा सुटलेला पडदाही टाक्यात येईल. टाका आवळला की छिद्र आपोआप आत वळतं. हे करताना नळीत बारीक सळई घालून ठेवायची, म्हणजे कात्री नळीला लागत नाही.

मग बाहेरचा कोपरा. तिथे सुमारे एक सेंटिमीटरची आडवी चीर घेतली आणि खालच्या पापणीला हाडाशी धरणारा दोर कात्रीने सोडवला. दोर पूर्ण सुटल्याची खूण हाताला कळते. आत्तापर्यंत अडखळणारी पापणी एकदम सैल होऊन पुढे येते. आता ती हाडाच्या दिशेने ताणून जास्तीचा भाग मोजला. तात्यांचा चार मिलिमीटर भरला. तेवढ्या टोकावरची पुढची कातडी, स्नायू आणि केसांची कड काढून टाकली. मागचा ओलसर पडदाही खरवडून काढला. तो राहिला आणि जखमेत गाडला गेला तर पुढे तिथे पाण्याची गाठ होते. उरली ती टार्ससची नागडी, पांढरी पट्टी. हीच नवी दोरी.

या पट्टीला न विरघळणारा बारीक दोरा घालून तो बाहेरच्या हाडावरच्या चिवट आवरणात बांधायचा असतो, आणि शस्त्रक्रियेतलं खरं कौशल्य इथे आहे. टाका हाडाच्या कडेवर नाही, कडेच्या आतल्या बाजूला बसायला हवा. तिथे हाडाला एक छोटा उंचवटा असतो. 1911मध्ये व्हिटनॉल यांनी त्याचं वर्णन केलं म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. मूळ दोर निसर्गाने तिथेच बांधलेला असतो. डोळा गोल आहे, त्यामुळे पापणीला मागे वळून जायला हवं. टाका पुढे, कडेवर घातला तर पापणी घट्ट होते खरी, पण बाहेरच्या कोपऱ्यात डोळ्यापासून सुटलेली राहते आणि त्या फटीतून पाणी गळत राहतं. टाका फार खाली बसला तर कोपरा उतरतो, चेहरा उदास दिसतो. म्हणून तो मूळ जागेपेक्षा किंचित वर घेतात, कारण पुढच्या काही आठवड्यांत पापणी थोडी बसते.

गाठ मारण्याआधी मी तात्यांना डोळे उघडायला, मिटायला, वर-खाली पाहायला सांगितलं. जागं ठेवून शस्त्रक्रिया करण्याचा हा मोठा फायदा. पापणी डोळ्याला सगळीकडे टेकली होती, छिद्र दिसेनासं झालं होतं. गाठ घट्ट केली, जास्तीची कातडी छाटली, कोपरा पुन्हा टोकदार करणारा एक टाका आणि वर चार बारीक टाके घातले. सगळं मिळून पाऊण तास लागला. रात्री तात्या आपल्या घरी, आपल्या पलंगावर झोपले, उशाला दोन उशा घेऊन.

पहिल्या रात्रीबद्दल मी प्रत्येकाला एक गोष्ट लिहून देते. थोडं दुखणं, सूज, पट्टीवर रक्ताचा डाग हे अपेक्षित आहे. पण डोळ्यामागे असह्य ठणका लागला, डोळा पुढे येऊ लागला, नजर अंधुक झाली, तर सकाळची वाट पाहू नका, तडक दवाखान्यात या. डोळ्याच्या मागे रक्तस्राव झाल्याची ती खूण असते. हे फार क्वचित होतं, पण झालं तर काही तासांत नजर जाऊ शकते.

तात्यांना तसं काही झालं नाही. ॲस्पिरिनमुळे गालापर्यंत काळनिळं उतरलं, ते दोन आठवड्यांत गेलं. सातव्या दिवशी बाहेरचे टाके काढले. त्या वेळी बाहेरचा कोपरा जरा ओढल्यासारखा, चिनी डोळ्यासारखा नव्हे पण ताठ दिसत होता, आणि सूनबाई थोड्या घाबरल्या. तो ताठपणा दीड महिन्यात उतरला. उजव्या कुशीवर झोपताना आणि टॉवेलने तोंड पुसताना हाडाशी दुखायचं, ते दोन महिने चाललं. आतल्या पडद्याची लाली सगळ्यांत शेवटी गेली. जो पडदा दोन वर्षं वाऱ्यावर होता तो दोन दिवसांत मऊ होत नाही. पाणीही लगेच थांबलं नाही. महिनाभर वाटलं की फरकच नाही, आणि मग एक दिवस तात्यांच्या लक्षात आलं की सकाळपासून पंचा खांद्यावरच आहे.

प्रत्येकाचं असं सुरळीत होत नाही. काहींच्या टाक्याजवळ लाल मऊ गाठ येते, ती औषधाने किंवा छोट्या छेदाने जाते. क्वचित टाका उसवतो आणि पापणी पुन्हा लोंबते. काही वर्षांनी उरलेले तंतू आणखी लांबून ढिलेपणा परत येऊ शकतो, मग तीच शस्त्रक्रिया पुन्हा करता येते. डोळे मुळात मोठे आणि पुढे आलेले असतील तर पापणी जास्त ताणणं उलटतं. पोट सुटलेल्या माणसाचं धोतर घट्ट आवळलं की ते पोटाखाली घसरतं, तशी पापणी डोळ्याखाली घसरते. अशा डोळ्यांत बेत वेगळा करावा लागतो. आणि पापणी अगदी नीट बसली तरी काही जणांचं पाणी पूर्ण थांबत नाही, कारण तो स्नायूचा पंपच वयाने थकलेला असतो. हे मी आधीच सांगते. पाणी गालावर ओघळायचं थांबेल, डोळा लाल राहणार नाही, चिपडं येणार नाहीत, पण गार वाऱ्यात डोळा ओला होईल.

तीन महिन्यांनी तात्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पापणी आधी आणि मोतीबिंदू नंतर, हा क्रम मुद्दाम ठेवला. उघड्या, सुजलेल्या पडद्यावर जंतूंचा वावर जास्त असतो, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याच्या आत शिरायचं असतं. शिवाय पारपटल कोरडं असताना भिंगाचा नंबर अचूक मोजता येत नाही. शिबिरातल्या डॉक्टरांनी लाल डोळ्यावर शस्त्रक्रिया टाळली ते योग्यच केलं होतं. फक्त डोळा लाल का आहे, हा पुढचा प्रश्न राहून गेला होता.

डाव्या पापणीची शस्त्रक्रिया केलेली नाही. तिची कड अजून डोळ्याला टेकलेली आहे, छिद्र पाण्यात बुडालेलं आहे, पाणी येत नाही. ढिली होऊ लागलेली प्रत्येक पापणी लगेच शिवायची नसते. तात्या दर सहा महिन्यांनी येतात, मी चिमटीत धरून ती मोजते. मागच्या चैत्रात मोजली तेव्हाही ती सहा मिलिमीटरच होती, आणि डोळा ते आता खालून वर टिपतात.